राळे, भगर आणि पाण्याचा हिशेब

राळ्याचं एक पाकीट म्हणतं, धान्याच्या दीडपट पाणी घाला. दुसरं म्हणतं अडीचपट. ओळखीतली कुणी सांगते की भिजवायची काही गरज नाही, तर कुठल्याशा व्याख्यानात ऐकलेलं असतं की आठ तास भिजवल्याशिवाय हे धान्य खाऊच नये. यातला एखादा सल्ला धरून माणूस भात लावतो आणि ताटात एकतर गिचका पडतो, नाहीतर दाताखाली कचकच येते. मग राळे डब्यात तसेच राहतात आणि भगर उपवासापुरती उरते.

गंमत अशी की यातला कुठलाच सल्ला सरसकट चुकीचा नाही. प्रत्येक जण वेगळ्या दाण्याबद्दल, वेगळ्या भांड्याबद्दल आणि वेगळ्या मापाबद्दल बोलत असतो, पण ते सांगत नाही. तीन गोष्टी कळल्या की हा घोळ सुटतो. दाण्यावर कोंडा किती शिल्लक आहे, भिजताना त्यानं किती पाणी आधीच पिऊन घेतलं आहे आणि शिजताना किती पाणी वाफ होऊन जाणार आहे. आपण राळ्यावर हा हिशेब सविस्तर करू आणि मग तोच भगरीला लावू.

आधी दाणा ओळखा

राळे आपल्याकडे नवे नाहीत. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, बाजरीची भाकरी आणि मिसळीच्या भाजीबरोबर राळ्याचा भात करण्याची रीत आहे. भगर, वरी किंवा वरई म्हणून जे धान्य आपण उपवासाला आणतो, ते इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, अकोले या डोंगराळ पट्ट्यात पिकतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं वरईचा जो वाण दिला त्याचं नावच 'फुले एकादशी' आहे. मात्र दुकानात भगर, वरी, सामा ही नावं एकमेकांच्या जवळच्या दोन-तीन धान्यांसाठी सरमिसळ वापरली जातात. त्यामुळे पाकिटावरच्या नावापेक्षा हातातल्या दाण्यावर विश्वास ठेवलेला बरा.

राळ्याच्या दाण्यावर बाहेरून एक कडक टरफल असतं आणि ते काढावंच लागतं. त्याखाली कोंड्याचा पातळ थर असतो. गिरणीत टरफल काढून कोंडा तसाच ठेवला, तर दाणा मळकट पिवळा आणि निस्तेज दिसतो. पुढे पॉलिश केलं की तो फिकट आणि गुळगुळीत होतो. भगरीचंही तसंच आहे. उपवासाची पांढरीशुभ्र भगर बहुधा पॉलिश केलेली असते, तर कोंड्यासकटची वरी करडी किंवा तपकिरी झाक दाखवते.

डोळ्यांनी ठरत नसेल तर मूठभर दाणे वाटीभर पाण्यात चोळून पाहावेत. पाणी लगेच दुधाळ झालं तर दाणा पॉलिशचा. पाणी थोडंसंच गढूळ, पिवळसर झालं आणि वर कोंड्याचे कण तरंगले, तर कोंडा शिल्लक आहे. ही खूण महत्त्वाची, कारण कोंड्याचा थर पाण्याला अडवतो. पाकिटांवरच्या आकड्यांतला निम्मा फरक या एका थरामुळे पडतो.

निवडण्याचं काम तांदळासारखं ताटात घेऊन होत नाही. वाळूचा खडा आणि राळ्याचा दाणा जवळजवळ सारख्याच आकाराचे असतात. इथे जुनी पद्धतच उपयोगी पडते, ती म्हणजे रोळणं. पसरट भांड्यात धान्य भरपूर पाण्यात घ्यायचं, भांडं हलकेच गोल फिरवायचं आणि पाण्याबरोबर दाणे थोडे थोडे दुसऱ्या भांड्यात ओतत जायचं. जड खडे तळाशी मागे राहतात. त्याच वेळी टरफलासकट राहून गेलेले चकचकीत दाणे वर तरंगतात, तेही काढून टाकावेत. ते कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत आणि भात उत्तम झाला तरी कचकच लागते ती त्यांचीच. निथळायला बारीक जाळीची गाळणी किंवा पातळ कापड घ्या. तांदळाच्या चाळणीतून अर्धे दाणे मोरीत जातात.

भिजवणं कशासाठी

दाण्यातलं पिठूळ द्रव्य साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतं. त्यासाठी उष्णता आणि पाणी दोन्ही दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचावं लागतं. उष्णता इतक्या छोट्या दाण्यात क्षणात पोहोचते, पाण्याला मात्र वेळ लागतो, आणि वर कोंडा असेल तर जास्तच. कोरडा दाणा थेट उकळत्या पाण्यात टाकला की बाहेरचा भाग फुगून फुटायला आलेला असतो आणि मध्ये कणी तशीच असते. ती कणी मोडावी म्हणून आपण आणखी पाणी घालून आणखी शिजवतो, तोवर बाहेरचा भाग विरघळून खळ होतो. भिजवलेल्या दाण्यात पाणी आधीच गाभ्यापर्यंत गेलेलं असतं, म्हणून आतबाहेर एकाच वेळी शिजतं.

यावरून वेळ ठरवता येते. पॉलिश केलेल्या भगरीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि नाही भिजवली तरी चालते. ती रात्रभर भिजवली तर दाणे बोटाला लागले तरी भुगा होतात आणि शिजताना लापशी होते. पॉलिश राळ्यांना अर्धा तास ठीक. कोंड्यासकटच्या राळ्यांना निदान दोन तास द्यावेत, आणि सहा ते आठ तास दिले तर भात अधिक मऊ आणि एकसारखा शिजतो. आठ तासांचा आग्रह धरणारे बहुधा याच दाण्याबद्दल बोलत असतात. कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोहासारख्या खनिजांना धरून ठेवतं. लांब भिजवून पाणी फेकून दिलं की ते काही प्रमाणात कमी होतं, हाही एक फायदा आहे.

भिजलं का हे घड्याळापेक्षा नखाला जास्त कळतं. एक दाणा दोन नखांमध्ये दाबून फोडा. मध्ये खडूसारखा कोरडा पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ हवा. दाणा सहज चुरडला आणि आतून एकसारखा दिसला तर तयार. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. सकाळी पाण्यावर बुडबुडे आणि आंबूस वास येतो. अशा दिवसांत भांडं फ्रिजमध्ये ठेवावं.

पाणी जातं कुठे

आता मुख्य हिशेब. भातासाठी घातलेलं पाणी दोनच ठिकाणी जातं. काही दाण्यात आणि काही वाफेच्या रूपानं स्वयंपाकघरात. मोकळा भात हवा असेल तर एक वाटी कोरड्या राळ्यांच्या पोटात साधारण दीड वाटी पाणी जायला हवं. त्यापेक्षा कमी गेलं तर भात चरचरीत राहतो, पावणेदोन वाट्यांच्या पुढे गेलं की मऊ होतो आणि दोनाच्या पुढे आसट.

हे दीड वाटी पाणी चुलीवरच आत जायला हवं असं नाही. भिजताना राळे आपल्या वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिऊन घेतात. १०० ग्रॅम राळे भिजवून नीट निथळले की काट्यावर १३० ग्रॅमच्या आसपास भरतात. वाटीच्या भाषेत सांगायचं तर एका वाटीमागे पाव वाटी पाणी आधीच आत गेलेलं असतं. ते वजा करायला आपण विसरतो, आणि भिजवलेल्या दाण्याला न भिजवलेल्याचं पाणी घालतो. गिचक्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण वाफेत आहे. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवताना मध्यम पातेल्यातून अंदाजे अर्धी वाटी पाणी उडून जातं. हे पाणी भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर अवलंबून असतं. आत धान्य किती आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून 'एकास दोन' हे प्रमाण छोट्या भातासाठी जमतं आणि मोठ्या भातासाठी फसतं.

प्रत्यक्ष मांडून पाहू. वाटी १५० मिलिलिटरची धरली आहे. तिघांसाठी एक वाटी कोंड्यासकटचे राळे, चार तास भिजवून निथळलेले. पोटात जायला हवं दीड वाटी. भिजताना गेलं पाव वाटी. उरलं सव्वा वाटी. वाफेचं अर्धी वाटी मिळवलं की पावणेदोन वाट्या. एवढंच पाणी घालायचं.

आता भोगीला घरी बारा माणसं आहेत म्हणून चार वाट्या राळे घेतले. पोटात जायला हव्यात सहा वाट्या. भिजताना गेली एक, उरल्या पाच. पातेलं मोठं आहे आणि उकळी यायला वेळ लागेल, म्हणून वाफेला एक वाटी धरू. झालं सहा वाट्या, म्हणजे दीडपट. पावणेदोनपटीनं घातलं असतं तर सात वाट्या झाल्या असत्या आणि दुप्पटीनं आठ. त्या दोन जास्तीच्या वाट्यांना जायला जागाच नसते. त्या दाणे फोडून आत शिरतात आणि पातेल्यात एक मोठा गोळा उरतो.

आपल्या भांड्यातून वाफेला किती जातं हे एकदा मोजून ठेवता येतं. नेहमीच्या पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळा, भाताला ठेवतो तेवढीच मंद आच करा, तेच झाकण ठेवा आणि बारा मिनिटांनी उरलेलं पाणी मोजा. जेवढं कमी झालं तो तुमचा वाफेचा आकडा.

कुकरमध्ये डबा ठेवून भात लावला तर हा आकडा जवळजवळ शून्य होतो. कुकरच्या तळातलं पाणी वाफ होतं, डब्यातलं तिथेच राहतं. म्हणून भिजवून निथळलेल्या राळ्यांना डब्यात सव्वापट पाण्यानं मोकळा आणि दीडपटीनं मऊ भात होतो, मग धान्य एक वाटी असो की चार. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या पुरतात. मात्र शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम उतरला की दाण्यातलं पाणी उसळून दाणे फुटतात. कुकर आपोआप उतरू द्यावा.

पातेल्यातला मोकळा भात

भिजवलेले राळे निदान दहा मिनिटं निथळू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप किंवा तेल गरम करून त्यात ते घाला आणि मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं परता. सुरुवातीला दाणे एकमेकांना चिकटतात, मग हळूहळू सुटे होतात आणि उलथन्याला कोरडे लागू लागतात. तिथे थांबायचं. तुपाचा पातळ थर दाण्यांना सुटं ठेवतो. लाल होईपर्यंत भाजलं तर मात्र बाहेरचा भाग टणक होतो आणि पाणी पुन्हा आत शिरायला कुरकुरतं.

पाणी शेजारच्या शेगडीवर आधीच उकळत ठेवलेलं असावं. मोजलेलं आधण दाण्यांवर ओता, मीठ घाला, एकदाच हलवा. थंड पाणी घातलं तर ते तापेपर्यंत दाणे कोमट पाण्यात पडून राहतात, त्यांच्यावरचं पीठ पाण्यात उतरतं आणि शेवटी तेच चिकटपणा आणतं. इथे छोटा दाणा तांदळापेक्षा जास्त नाजूक आहे. तेवढ्याच वजनात राळ्यांचे दाणे कितीतरी जास्त असतात, म्हणून पाण्याला भिडणारा पृष्ठभागही जास्त. पीठ सुटायला जागा जास्त आणि शिजायला वेळ कमी. तांदळात कणी मोडण्यापासून गिचका होण्यापर्यंत बराच अवकाश असतो. राळ्यात तो दोन-तीन मिनिटांचा असतो आणि भगरीत त्याहून कमी.

आधण घातल्यावर मध्यम आचेवर झाकण न ठेवता उकळू द्या. पाणी दाण्यांच्या पातळीला आलं आणि वर छोटी छोटी भोकं दिसू लागली की आच अगदी मंद करा, घट्ट झाकण ठेवा आणि आठ ते दहा मिनिटं उघडू नका. मध्ये हलवायचं तर अजिबात नाही. शिजत आलेला दाणा मऊ असतो, डाव लागला की फुटतो आणि आतली खळ शेजारच्या दाण्यांना लागते.

आच बंद केल्यावरची दहा मिनिटंही शिजवण्याचाच भाग आहेत. आत्ता तळचे दाणे ओले आहेत आणि वरचे कोरडे. झाकणाखाली वाफेवर मुरताना ओल सगळीकडे सारखी पसरते आणि दाण्यावरची खळ थोडी निवून घट्ट होते. लगेच झाकण काढून डाव घातला तर चांगला शिजलेला भातही चिकट वाटतो. दहा मिनिटांनी झाऱ्याच्या कडेनं किंवा काट्यानं खालून वर हलकेच मोकळा करा.

पॉलिश भगरीला हाच क्रम, फक्त आकडे बदलतात. न भिजवता, नुसती धुऊन आणि परतून घेतली तर एका वाटीला दोन वाट्या आधण. वीस मिनिटं भिजवून निथळली असेल तर पावणेदोन वाट्या. झाकणाखाली सहा-सात मिनिटं पुरतात. उपवासाला दाण्याच्या आमटीबरोबर खायची आसट भगर हवी असेल तर अडीच ते तीनपट पाणी घालायला काहीच हरकत नाही. तिथे मोकळेपणा कुणी मागितलेलाच नसतो.

बिघडलं तर

भात झाला पण मध्ये कणी आहे आणि पाणी संपलं आहे, असं झालं तर वरून वाटीभर पाणी ओतू नका. दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडा, झाकण ठेवा, सगळ्यात मंद आचेवर तव्यावर पातेलं ठेवून पाच मिनिटं द्या. पुढच्या वेळी पाणी वाढवण्याआधी भिजवण्याची वेळ वाढवून पाहा. कणी बहुतेक वेळा भिजवण्यात कमी पडल्यामुळे राहते.

खाली लागलं आणि वर कच्चं राहिलं तर दोष आचेचा. पाणी वाफ होऊन गेलं, दाण्यात जायला त्याला वेळच मिळाला नाही. शिजला आहे पण ओलसर आहे असा भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली पाच मिनिटं ठेवला की बराच सुटा होतो. ढवळून वाळवायला गेलात तर गोळाच होईल. आणि गोळा झालाच असेल तर त्याला मोकळा करण्याचा नाद सोडून दही, मीठ आणि हिंग-मिरचीची फोडणी घाला. दहीभाताला असाच मऊ भात लागतो.

काही बिघाड मात्र शिजवण्याचे नसतात. कोंड्यासकटच्या राळ्यांत स्निग्धांश तांदळापेक्षा बराच जास्त असतो. टरफल काढल्यावर त्याला हवा लागते आणि काही आठवड्यांनी दाणे खवट होऊ लागतात. भात कडवट लागला तर आधी कोरडे दाणे तळहातावर चोळून वास घ्या. थोडे थोडे आणावेत आणि घट्ट डब्यात, उकाड्यात फ्रिजमध्ये ठेवावेत.

भगरीच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र अशा उपवासांच्या सुमारास भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिच्यापासून विषारी द्रव्यं तयार होतात. बुरशी शिजवल्यानं मेली तरी अशी द्रव्यं टिकून राहू शकतात. म्हणून अन्न व औषध प्रशासन सुटी भगर न घेता पाकीटबंद घ्यायला आणि तारीख पाहायला सांगतं. भगरीचं पीठ तयार विकत आणू नये, लागेल तेवढं घरी ताजं दळावं. कुबट वास, गुठळ्या किंवा काळसर ठिपके दिसले तर धुऊन वापरण्याचा विचारही करू नये.

नवं पाकीट आणल्यावर

पॉलिश किती, धान्य किती जुनं, गिरणी कोणती, यानुसार प्रत्येक पाकीट थोडं वेगळं वागतं. पहिल्या खेपेला पाणी मोजण्याच्या भानगडीत न पडता भात वेळून करावा. एका वाटीला पाच-सहा वाट्या पाणी उकळा, भिजवलेले दाणे त्यात सोडा, पाचव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक दाणा चिमटून पाहा. कणी मोडत आली, पण दाणा अजून अखंड आहे, अशा वेळी बारीक जाळीतून पाणी काढून टाका आणि दाणे पातेल्यात परत घालून झाकणाखाली दहा मिनिटं वाफेवर ठेवा. या पद्धतीत गिचका होणं कठीण असतं. काही जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र पेजेबरोबर जातात, म्हणून पेज फेकू नये, मीठ-जिरं घालून प्यावी किंवा आमटीत वापरावी.

यातून मिळते ती त्या पाकिटाची शिजण्याची वेळ. दाणे सात मिनिटांत तयार झाले तर ते बहुधा पॉलिशचे, त्यांना पुढे कमी भिजवा आणि पाणीही हात राखून घाला. बारा मिनिटं लागली तर कोंडा भरपूर आहे, रात्रीच भिजत घाला. ही वेळ आणि आपल्या पातेल्याचा वाफेचा आकडा पेन्सिलीनं डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला की पुढच्या भाताला दुसऱ्या कुणाचं प्रमाण विचारावं लागत नाही.